काळी चारची दोन नावं
प्रस्तावना

नाशिकमध्ये पेटीच्या क्लासला बसलेल्या मुलाला ‘काळी चार’ म्हटलं की त्याचं बोट बरोबर पट्टीवर जातं. तीन काळ्यांच्या घोळक्यातली मधली पट्टी ती काळी चार. गाणाऱ्या बाईंचा सा बहुधा तिथेच किंवा तिच्या पुढच्या काळी पाचवर असतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात गोंधळ होत नाही, कारण एका पट्टीला एकच नाव आहे.

तेच मूल संध्याकाळी कीबोर्डच्या क्लासला जातं. तिथे वहीत पाच रेघा असतात आणि त्याच काळी चारला एका पानावर ‘जी शार्प’ म्हणतात, पुढच्या पानावर ‘ए फ्लॅट’. वाजवताना फरक शून्य. लिहिताना मात्र एका ठिकाणी बरोबरची खूण मिळते, दुसऱ्या ठिकाणी लाल फुली. मूल घरी येऊन विचारतं, “पट्टी तीच, आवाज तोच, मग चुकलं काय?”

ही पुस्तिका त्या प्रश्नापासून सुरू होते. ती थिअरी शिकवण्यासाठी लिहिलेली नाही. थिअरीची उत्तरं तपासणाऱ्यांसाठी ती आहे: क्लास चालवणारे शिक्षक, मुलाची वही बघणारे पालक आणि स्वतःचा सराव स्वतःच तपासणारा मोठा विद्यार्थी. विषय तीनच आहेत: दोन स्वरांतलं अंतर म्हणजे इंटरव्हल, की सिग्नेचर आणि कॉर्डला नाव देणं. तिन्ही ठिकाणी अडचण एकच येते. उत्तर कानाला बरोबर लागतं, पण कागदावर वेगळं दिसतं. अशा उत्तराला पूर्ण गुण कधी द्यायचे, अर्धे कधी आणि शून्य कधी, हे ठरवण्याची रीत पुढच्या पानांत आहे. प्रस्तावनेत त्या रीतीमागचं कारण सांगायचं आहे, आणि त्यासाठी काळी चार ही एकच पट्टी पुरेल.

नाशिकच्या मुलाकडून ही चूक का होते, याला इथल्या शिक्षणाची पार्श्वभूमी आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांच्या शिष्यपरंपरेतून आलेल्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही इथल्या घराघरांत ओळखीच्या आहेत. पलुस्करांची स्वरलिपी वेगळी आणि भातखंड्यांची वेगळी, पण दोघांकडे स्वरांचा हिशेब सारखाच आहे. सा आणि प अचल, रे ग ध नि शुद्ध किंवा कोमल, म शुद्ध किंवा तीव्र. एकूण बारा जागा आणि बारा नावं. तीव्र रे नाही, कोमल म नाही, तीव्र प नाही.

आता पांढरी एकला सा धरून हा हिशेब इंग्रजी अक्षरांत उतरवला, तर पाच काळ्यांना ओळीने कोणती नावं मिळतील? कोमल रे म्हणजे डी फ्लॅट, कोमल ग म्हणजे ई फ्लॅट, तीव्र म म्हणजे एफ शार्प, कोमल ध म्हणजे ए फ्लॅट आणि कोमल नि म्हणजे बी फ्लॅट. चार फ्लॅट आणि एक शार्प. आधी पेटी शिकून आलेल्या मुलाच्या वहीत हीच पाच नावं सगळीकडे सापडतात, मग प्रश्न कुठल्याही कीचा असो. काळी चार दिसली की तो ए फ्लॅट लिहितो, कारण त्याच्या मनात ती कोमल ध आहे.

दुसऱ्या मुलाची वही याच्या नेमकी उलट निघते. तो गिटार शिकतो. ट्यूनरच्या किंवा सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्याला काळी चार बहुतेक वेळा `G#` अशीच दिसते, म्हणून त्याच्या पाचही काळ्या शार्पच्या असतात. यात यंत्राचा दोष नाही. मिडीच्या भाषेत मधल्या सप्तकातली काळी चार म्हणजे फक्त 68 हा आकडा, आणि त्या आकड्यात नावाला जागाच ठेवलेली नाही. पडद्यावर काहीतरी दाखवायचं म्हणून यंत्र एक नाव ठरवून टाकतं.

म्हणून वही हातात आली की एकेका उत्तरावर फुली मारण्याआधी सगळ्या काळ्यांची नावं एकदा नजरेखालून घालावीत. चार फ्लॅट आणि एक शार्प असा साचा दिसला, तर मूल सा पासून मोजतंय. सगळेच शार्प दिसले, तर ते पडद्यावरून वाचतंय. दोघांना सांगायची गोष्ट एकच आहे, पण सुरुवात वेगवेगळ्या ठिकाणाहून करावी लागते.

सांगायची गोष्ट अशी. पेटीवरचं नाव पट्टीचं असतं, पाच रेघांवरचं नाव त्या स्वराच्या नात्याचं असतं. ‘जी शार्प’ म्हणजे जी हा स्वर थोडा वर चढवलेला, ‘ए फ्लॅट’ म्हणजे ए हा स्वर थोडा खाली उतरवलेला. एकाच बाईला माहेरी ताई म्हणतात आणि सासरी वहिनी. माणूस एकच असला तरी सासरच्या पत्रिकेत ताई छापली तर वाचणारा अडखळतोच.

ही कल्पना आपल्याकडे परकी आहे असंही नाही. सतराव्या शतकात वेंकटमखींनी ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथात 72 मेळांची मांडणी केली. कर्नाटक संगीतात रूढ झालेल्या त्या पद्धतीत जागा बाराच आहेत, पण नावं सोळा. तिथे चतुःश्रुती ऋषभ आणि शुद्ध गांधार एकाच पट्टीवर बसतात. मेळात सातही स्वर एकेकदाच यायला हवेत, म्हणून त्या पट्टीला कधी रे म्हणायचं आणि कधी ग, हे शेजारी कोण बसलंय यावर ठरतं. पाच रेघांचा नियमही हाच आहे: मेजर किंवा मायनर स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदा, ना कमी ना जास्त. हिंदुस्थानी पद्धतीने प्रत्येक जागेला एकच नाव ठेवलं आणि मोजणी सोपी केली. त्या सोपेपणाची किंमत थिअरीच्या वहीत मोजावी लागते, एवढंच.

इंटरव्हल तपासताना दोन मोजण्या कराव्या लागतात आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही. आधी अक्षरं मोजायची, मग पट्ट्या. अक्षरांवरून आकडा ठरतो: सेकंड, थर्ड, फोर्थ. पट्ट्यांवरून जात ठरते: मेजर, मायनर, परफेक्ट, ऑगमेंटेड, डिमिनिश्ड. पट्ट्या मोजताना पहिली पट्टी धरायची नाही. तिच्यापासून किती पावलं पुढे गेलो, तेवढे अर्धस्वर.

ई पासून जी शार्प घेऊ. अक्षरं ई, एफ, जी अशी तीन, म्हणून हे थर्ड. पावलं चार. चार पावलांचं थर्ड म्हणजे मेजर थर्ड. आता कागदावर ई आणि ए फ्लॅट छापलेत. अक्षरं ई, एफ, जी, ए अशी चार, म्हणून हे फोर्थ. पावलं चारच. परफेक्ट फोर्थला पाच पावलं लागतात, इथे एक कमी आहे, म्हणून हे डिमिनिश्ड फोर्थ. दोन्ही वाजवून बघितले तर कानाला काडीचाही फरक कळणार नाही. तरी दुसऱ्या चित्राखाली कुणी मेजर थर्ड लिहिलं तर ते चूक आहे. त्या मुलाने पट्ट्या मोजल्या, अक्षरं मोजलीच नाहीत.

हे पटवायला भैरवसारखा राग नाही. भैरवात कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यात तीन पावलं असतात. सा आणि कोमल ग यांच्यातही तीनच. पण भैरव गाणाऱ्या मुलाला विचारा, रे नंतरचा स्वर कोणता? तो म्हणेल ग. मध्ये कुणी सुटलंय असं त्याला वाटत नाही. रे आणि ग शेजारी आहेत, फक्त त्यांच्यातली फट मोठी आहे. सा आणि कोमल ग यांच्यामध्ये मात्र रे आहे, तो ओलांडावा लागतो. पहिलं अंतर ऑगमेंटेड सेकंड, दुसरं मायनर थर्ड. डी फ्लॅट ते ई आणि सी ते ई फ्लॅट. इंग्रजी नावांत जे घोकून पाठ करावं लागतं, ते या मुलाच्या गळ्यात आधीच असतं. त्याला एवढंच सांगायचं, की अक्षरं म्हणजे स्वरांची नावं आणि सेकंड म्हणजे शेजारी.

हाच भैरव काळी एकवरून लिहायला दिला की आणखी एक चूक वर येते. सा सी शार्प, कोमल रे डी, आणि ग ची पट्टी येते पांढरी चार. मूल बेधडक एफ लिहितं. पण पुढचा शुद्ध म एफ शार्प आहे. म्हणजे एफ दोनदा आला आणि ई आलाच नाही. बरोबर नाव ई शार्प. “पांढरीला शार्प कसा?” हा प्रश्न इथे हमखास येतो. शार्प म्हणजे काळी पट्टी नव्हे, शार्प म्हणजे एक पाऊल वर. ई पासून एक पाऊल वर गेलं की पांढरीच लागते. शुद्ध नि लिहिताना बी शार्पच्या रूपाने तेच पुन्हा घडतं. अशा ठिकाणी तपासणाऱ्याने फुली मारून थांबू नये. सातही अक्षरं खाली ओळीने लिहायला लावावीत. कोणतं गळलं आणि कोणतं दोनदा आलं, हे मुलाला स्वतःलाच दिसतं.

तर मग दुसरं नाव कधी चालतं? प्रश्न कागदाचा आहे की पट्टीचा, यावर ते ठरतं. ‘हे अंतर किती अर्धस्वरांचं?’ असं विचारलं असेल तर अक्षरांचा संबंध नाही. ‘बाण दाखवलेली पट्टी कोणती?’ असं कीबोर्डच्या चित्रावर विचारलं असेल, तर जी शार्प आणि ए फ्लॅट दोन्हींना पूर्ण गुण. ‘सी च्या वर मायनर थर्ड लिहा’ असं असेल, तर ई फ्लॅटच. डी शार्प लिहिला तर आवाज जुळतो, पण थर्ड लिहायला सांगितलं होतं आणि लिहिलं गेलं सेकंड. क्रोमॅटिक स्केलमध्ये मात्र बरीच मोकळीक आहे. लंडनच्या एबीआरएसएम परीक्षामंडळाची जुनी प्रथा अशी, की प्रत्येक रेघेवर आणि प्रत्येक फटीत निदान एक स्वर हवा आणि दोनपेक्षा जास्त नकोत. ही अट पाळली की काळी चार शार्प लिहिली काय किंवा फ्लॅट लिहिली काय, उत्तर मान्य.

की सिग्नेचरच्या भागात दुसरं नाव कधी चालतं याचं उत्तर बेरजेने मिळतं. ते इतकं साधं आहे की तपासणाऱ्याने तक्ता पाठ करण्याची गरज नाही. एका पट्टीवरून सुरू होणाऱ्या मेजर स्केलला दोन नावं दिली, एक शार्पचं आणि एक फ्लॅटचं, तर दोन्ही सिग्नेचरमधल्या खुणांची बेरीज बारा येते. काळी एक: सी शार्पला सात शार्प, डी फ्लॅटला पाच फ्लॅट. काळी तीन: एफ शार्पला सहा, जी फ्लॅटला सहा. सिग्नेचरमध्ये अक्षरं सातच, म्हणून सातपर्यंतच्या खुणा लिहिता येतात. त्याच्या पुढे गेलं की डबल शार्प येतो आणि सिग्नेचर छापता येत नाही.

काळी चारचं काय? ए फ्लॅट मेजरला चार फ्लॅट. म्हणजे जी शार्प मेजरला आठ शार्प हवेत. आठवा शार्प एफ वर दुसऱ्यांदा पडतो, तो डबल शार्प. म्हणून काळी चारच्या मेजरला ए फ्लॅट हे एकच चालणारं नाव. पण त्याच काळी चारचा मायनर घ्या. जी शार्प मायनरला पाच शार्प, ए फ्लॅट मायनरला सात फ्लॅट. बेरीज बारा आणि दोन्ही सातच्या आत. दोन्ही मान्य. म्हणजे एकाच पट्टीसाठी एका प्रश्नात एक नाव चालतं आणि दुसऱ्या प्रश्नात दोन.

पाचही काळ्यांना हा नियम लावून पाहिला तर चित्र असं दिसतं. मेजरमध्ये काळी एक आणि काळी तीन यांना दोन-दोन नावं चालतात. काळी दोन, चार आणि पाच यांना फक्त फ्लॅटचं. मायनरमध्ये बरोबर उलटं होतं: काळी दोन, चार आणि पाच यांना दोन-दोन नावं, काळी एक आणि तीन यांना फक्त शार्पचं. पांढऱ्यांपैकी एकाच पट्टीला मेजरची दोन नावं आहेत, ती म्हणजे पांढरी सात: बी मेजरला पाच शार्प आणि सी फ्लॅट मेजरला सात फ्लॅट.

इथेही प्रश्नाचे शब्द वाचल्याशिवाय पेन उचलू नये. पाच फ्लॅटची सिग्नेचर छापून ‘ही कोणती मेजर की?’ असं विचारलं असेल आणि मुलाने सी शार्प लिहिलं, तर ते चूक. कागदावर फ्लॅट दिसत असताना नाव शार्पचं येऊ शकत नाही. ‘काळी एकवरून सुरू होणाऱ्या मेजर स्केलची सिग्नेचर लिहा’ असं असेल, तर सात शार्पही बरोबर आणि पाच फ्लॅटही बरोबर.

दोन्ही बरोबर असली तरी दोन्ही सारखीच सोयीची नसतात, हे वाद्यवृंदात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं. मुंबईच्या चित्रपटसंगीताला गोव्याच्या वादकांनी नोटेशन वाचायची सवय आणली. चर्चच्या शाळांत सोल्फेजो शिकलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे लोक गायकाच्या सुराचं गाणं चाळीस-पन्नास वादकांच्या कागदांवर उतरवत. गायकाने काळी एक सांगितली, तर अरेंजरला एक निवड करावी लागते. बी फ्लॅटचा ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांचा कागद दोन पावलं वर लिहावा लागतो. गाणं डी फ्लॅटमध्ये धरलं तर ट्रम्पेटवाल्याला ई फ्लॅट मेजर मिळतो, तीन फ्लॅट. सी शार्पमध्ये धरलं तर त्याच्या कागदावर डी शार्प मेजर येईल, नऊ शार्प, म्हणजे छापताच येणार नाही. वर्गातल्या वहीत दोन्हींना पूर्ण गुण, आणि स्टुडिओत डी फ्लॅट. शिक्षकाने हा फरक सांगावा, पण त्यासाठी गुण कापू नयेत.

कॉर्डच्या भागात मुलं सर्वांत जास्त अडतात. कारण कॉर्डला नाव देताना आधीचे दोन्ही हिशेब एकदम लागतात. ए मायनरमधला पाचवा सेव्हन्थ कॉर्ड लिहायला सांगितला. पेटीवरून आलेलं मूल पट्ट्या अचूक दाबतं आणि वहीत लिहितं: ई, ए फ्लॅट, बी, डी. खाली लेबल लावतं, ई सेव्हन. वाजवून बघितलं तर शंभर टक्के ई सेव्हन. लेबलही बरोबर. पण कॉर्ड एक अक्षर सोडून एक अक्षर असा रचतात: ई, मग एफ सोडून जी, मग ए सोडून बी, मग सी सोडून डी. मुलाच्या कॉर्डमध्ये जी नाहीच. शिवाय ए मायनरमध्ये ए हा सा आहे, त्याच्या खालचा नि म्हणजे जी शार्प. काळी चारला इथे ए फ्लॅट म्हणणं म्हणजे नि ला कोमल सा म्हणण्यासारखं आहे.

याला गुण किती? या पुस्तिकेत दोन गुणांचा प्रश्न दोन भागांत तोडला आहे: एक गुण कॉर्ड ओळखल्याचा, एक गुण लिहिल्याचा. वरच्या उत्तराला पहिला मिळतो, दुसरा नाही. पुढच्या प्रश्नात तोच कॉर्ड उलटवून लिहायचा असेल आणि मुलाने तिथेही ए फ्लॅटच ठेवून बाकी सगळं बरोबर केलं, तर तिथे पुन्हा गुण कापत नाहीत. एकाच चुकीचा दंड एकदाच. परीक्षेत ही सवलत मिळेलच असं नाही. एबीआरएसएमच्या पहिल्या पाच ग्रेडची थिअरी आता ऑनलाइन होते आणि दिलेल्या पर्यायांतून निवड करायच्या प्रश्नात अर्धा गुण नसतो. म्हणून वर्गात अर्धा गुण देताना शेजारी ‘जी शार्प’ असं लिहायला विसरू नये.

एका कॉर्डपुढे हा काटेकोरपणाही थबकतो. तो म्हणजे डिमिनिश्ड सेव्हन्थ. जी शार्प, बी, डी, एफ. चारही स्वरांत तीन-तीन पावलांचं सारखं अंतर, शेवटच्या एफ पासून वरच्या जी शार्पपर्यंतही तीनच. कुठूनही सुरू करा, कानाला तोच कॉर्ड. जी शार्प, बी, डी, एफ असा लिहिला तर तो ए मायनरकडे ओढतो. काळी चारला ए फ्लॅट म्हटलं आणि बी पासून रचला, की तो सी मायनरचा. एफ ला ई शार्प म्हटलं, की एफ शार्प मायनरचा. म्हणून नुसतं वाजवून दाखवलं आणि की सांगितलीच नाही, तर चारपैकी कोणतंही मूळ सांगणारं उत्तर मान्य करावं. स्वर छापलेले असतील, तर छापलेल्या अक्षरांतून जो रचला जातो तोच. गाण्याच्या शब्दांवर नुसत्या कॉर्डखुणा लिहिणारे वादक यातही सूट घेतात. सी डिमिनिश्ड सेव्हन्थचा चौथा स्वर नियमाने बी डबल फ्लॅट, पण ते सरळ ए लिहितात. कॉर्डखुणेच्या प्रश्नात ते चालवून घ्यावं, कीमधल्या रचनेच्या प्रश्नात नाही.

काळी चारच्या दोन नावांत आवाजाचा फरक नाही, असं इथवर म्हटलं. तेही फक्त पेटीवर आणि कीबोर्डवर खरं आहे, जिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सी शी शुद्ध गांधाराचं नातं धरून ई लावला, त्या ई शी तेच नातं धरून जी शार्प लावला, आणि वरच्या सी पासून तेवढंच अंतर खाली येऊन ए फ्लॅट लावला, तर दोघांत 41 सेंटचा फरक पडतो. पेटीच्या एका पावलाचे शंभर सेंट धरले, तर जवळजवळ दोन पंचमांश पाऊल. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं ते असल्याच सूक्ष्म अंतरांच्या मोजमापासाठी. सनदी नोकरीतले न्यायाधीश क्लेमंट्स यांनी त्यांच्या बरोबरीने श्रुतींची वेगळी हार्मोनियम करवून घेतली. तिच्यात एका काळीच्या जागी एकाहून जास्त स्वर होते. ती पेटी घरोघरी गेली नाही. गायक आणि व्हायोलिनवाले मात्र ते दोन स्वर आजही वेगवेगळे लावू शकतात. दोन नावं म्हणजे नुसती कागदी कटकट आहे असं म्हणणाऱ्या पालकाला हे सांगता येतं.

शेवटी एक उत्तर पूर्ण तपासून पाहू. प्रश्न सी मायनरचा. चार स्वर वाजवून दाखवले: खाली काळी चार, मग पांढरी एक, काळी दोन, काळी तीन. त्यानंतर लगेच जी मेजरचा कॉर्ड. सांगितलं, पहिला कॉर्ड लिहा आणि नाव द्या. मुलाने लिहिलं: ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट. नाव: ए फ्लॅट सेव्हन.

एक सोडून एक अक्षरं आहेत का? ए, सी, ई, जी. आहेत. पट्ट्या बरोबर आहेत का? आहेत. लिहिलेल्या स्वरांना दिलेलं नाव जुळतं का? अगदी. सुटा कॉर्ड म्हणून उत्तर निर्दोष आहे. आता पुढचा कॉर्ड पाहायचा. जी फ्लॅट उतरवलेला स्वर आहे, तो खाली एफ कडे जायला हवा. ए फ्लॅट सेव्हन डी फ्लॅट मेजरमध्ये आला असता तर तसाच गेला असता. इथे काळी तीन वर जाऊन जी ला मिळाली. वर चढणारा स्वर चढवलेल्या नावानेच लिहितात, म्हणून तो एफ शार्प. त्याच वेळी खालची काळी चार, म्हणजे ए फ्लॅट, एक पाऊल उतरून खालच्या जी वर आली. दोघी दोन बाजूंना फाकून एकाच स्वरावर पोचल्या. ए फ्लॅट ते एफ शार्प अक्षरं सहा, पावलं दहा. मेजर सिक्स्थला नऊ लागतात, म्हणून हे ऑगमेंटेड सिक्स्थ, आणि कॉर्डचं नाव जर्मन सिक्स्थ.

तपासणाऱ्याने इथे फुली मारायची नाही. पट्ट्यांचा एक गुण द्यायचा, जी फ्लॅटभोवती गोल करायचा, तिथून पुढच्या जी कडे पेन्सिलीने वर जाणारा बाण काढायचा आणि वही परत द्यायची. दुसरा गुण त्या बाणाकडे पाहून मुलाने नाव बदललं की.